बीप, चोवीस, एंटर

किराणा दुकानात माल उतरला की खरा वेळ जातो तो चढवण्यात. बिलावरचं नाव वाचा, कॉम्प्युटरवर टाइप करा, नग लिहा. आज ‘बिस्किट छोटा’ लिहिलं आणि पुढच्या खेपेला ‘छोटा बिस्किट’, की एकाच मालाच्या दोन नोंदी झाल्या. बारकोडचा फायदा इथे आहे: कोड कोणीही, कधीही वाचला तरी तोच येतो.

यूएसबी स्कॅनर म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी एक कीबोर्डच. पुड्यावरचे आकडे तो भराभर टाइप करतो आणि शेवटी एंटर दाबतो. म्हणून वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही, एक्सेल पुरतं.

दोन शीट करा. Yadi मध्ये पहिल्या रकान्यात कोड, दुसऱ्यात मालाचं नाव. हे एकदाच भरायचं. Aavak मध्ये कोड, नग आणि नाव असे तीन रकाने. नावाच्या रकान्यात C2 पासून खाली हे सूत्र ओढा:

```
=IF(A2="","",IFERROR(VLOOKUP(A2,Yadi!$A:$B,2,FALSE),"नवीन"))
```

आता स्कॅनरच्या माहितीपुस्तिकेत ‘Tab’ चा बारकोड शोधा आणि तो एकदा स्कॅन करा. त्यानंतर कोड वाचून झाला की कर्सर आपोआप नगांच्या रकान्यात जातो. समजा, बिस्किटाचे चोवीस पुडे आले. एक पुडा स्कॅन करा, 24 टाइप करा, एंटर दाबा. कर्सर पुढच्या ओळीत, पुन्हा कोडाच्या रकान्यात येऊन थांबतो. शेजारी नाव उमटलेलं असतं. ‘नवीन’ दिसलं, तर तो माल Yadi मध्ये चढवायचा राहिला आहे.

पण माल यादीत असूनही ‘नवीन’ येत असेल, तर बहुधा एका शीटवर कोड आकडा म्हणून आणि दुसऱ्यावर मजकूर म्हणून बसलेला असतो. स्कॅन करण्याआधीच दोन्हीकडचे कोडाचे रकाने Text करून ठेवा. मग सुरुवातीचं शून्यही गळत नाही. कीबोर्ड मराठीवर राहिला तर कोड देवनागरीत किंवा भलत्याच चिन्हांत उमटू शकतो. स्कॅन करताना तो इंग्रजीवर हवा.

खोक्यावरचा कोड आतल्या पुड्याच्या कोडाहून वेगळा असू शकतो, म्हणून खोकं फोडून पुडाच स्कॅन करा. पुड्यावरच्या साध्या तेरा आकडी कोडात एमआरपी नसते, एक्स्पायरीही नसते. भाव वाढलेला नवा माल बऱ्याचदा जुनाच कोड घेऊन येतो, तेव्हा किंमत आणि तारीख डोळ्यांनीच बघायची. सुट्या डाळी-तांदळाला तर कोडच नसतो. त्यांना D01, D02 असे आपलेच कोड देऊन ते हाताने टाइप करावे लागतात.

आणि एक लक्षात ठेवा: ही फक्त आवक झाली. विक्रीची नोंदही अशीच होत नाही, तोवर नगांची बेरीज म्हणजे शिल्लक माल नव्हे.