पहाटे साडेपाचपर्यंत फेल होणारी टेस्ट

नोकरी सोडून जाणाऱ्या टेस्टरची हँडओव्हर नोट बहुधा शेवटच्या दिवशी घाईने लिहिली जाते. रिग्रेशन सूट कशी चालवायची, पासवर्ड कुणाकडे आहेत, हे तिच्यात असते. रिग्रेशन सूट म्हणजे प्रत्येक बदलानंतर पुन्हा चालवायच्या जुन्या टेस्ट. काल चालणारे आज मोडले नाही ना, एवढेच त्या पाहतात. पण नोटेची खरी किंमत ठरते फ्लेकी टेस्टच्या भागात. कोड तोच असताना कधी पास, कधी फेल होते ती फ्लेकी टेस्ट. गूगलने 2016 मध्ये सांगितले होते, की त्यांच्या जवळपास 16 टक्के टेस्टमध्ये हा दोष थोडाफार आढळतो.

पैठण रस्त्यावरच्या बिडकीनला ऑरिकची औद्योगिक वसाहत आहे. समजा, तिथल्या तीन पाळ्यांच्या एका कारखान्यासाठी हजेरीचे सॉफ्टवेअर आहे. मध्यरात्रीनंतर केलेले पंचिंग त्या दिवसाच्या तारखेवर पडते का, हे एक टेस्ट तपासते. सूट रोज पहाटे तीनला आपोआप चालते आणि ही टेस्ट फेल होते. सकाळी दहाला कुणीतरी ती पुन्हा चालवतो, तर पास. नोटेत शेरा पडतो: ‘फ्लेकी आहे, री-रन करा.’

हा शेरा घातक आहे. फेल झालेल्या वेळा एकाखाली एक मांडल्या, तर सगळ्या रात्री बारा ते पहाटे साडेपाचच्या आतल्या निघतात. टेस्ट सर्व्हरचे घड्याळ यूटीसीवर आहे, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपल्याकडे 12 मार्चचे पहाटेचे तीन वाजतात, तेव्हा तिथे 11 तारखेचे रात्रीचे साडेनऊ असतात. सॉफ्टवेअर भारतीय वेळेनुसार 12 तारीख नोंदवते, टेस्ट मात्र सर्व्हरची 11 धरून बसते. लगेच तीनदा री-रन केले तरी तिन्ही वेळा फेल. लिनक्सवर `faketime` असेल, तर हीच गोष्ट भरदिवसा दाखवता येते:

```
TZ=UTC faketime '2025-03-11 21:30:00' pytest tests/test_shift.py
```

इथे चूक टेस्टची आहे. टेस्टमध्ये वेळ ठरावीक ठेवून अपेक्षित तारीख भारतीय वेळेनुसार काढली, की काम झाले. सर्व्हरचे घड्याळच बदलले तर लक्षण जाईल, पण दुसऱ्या सर्व्हरवर ती पुन्हा फेल होईल. चूक उलट बाजूची, म्हणजे सॉफ्टवेअरच यूटीसी तारीख नोंदवणारे असते, तर रात्रपाळीच्या कामगाराची हजेरी आदल्या दिवशी पडली असती आणि पगार चुकला असता. बाहेरून दोन्ही लक्षणे सारखीच दिसतात: रात्री फेल, दिवसा पास. जाणाऱ्याला हा फरक ठाऊक असतो, येणाऱ्याला नसतो.

म्हणून नोटेत प्रत्येक फ्लेकी टेस्टपुढे चार गोष्टी लिहाव्यात: ती कधी फेल होते, कोणत्या सर्व्हरवर, कारण काय, आणि चूक टेस्टची की सॉफ्टवेअरची. कारण सापडले नसेल तर तसे स्पष्ट लिहावे आणि फेल झालेल्या वेळांची यादी जोडावी. नोट राजीनाम्याच्या पहिल्याच आठवड्यात लिहा आणि उरलेल्या दिवसांत नव्या माणसाला ती वाचून एकट्याने सूट चालवू द्या.