सीसॅटचा उतारा : राग लेखकाचा की तुमचा?

म्हसावदसारख्या गावात राहून एमपीएससीची तयारी करताय? मग सीसॅटमधला ‘लेखकाचा सूर कोणता?’ हा प्रश्न जपून सोडवा. समजा, उताऱ्यात वाक्य आहे : ‘योजना कागदावर केव्हाच पूर्ण झाली, पाणी मात्र अजून वाटेत आहे.’ पर्याय : संतप्त, उपरोधिक, तटस्थ, हताश. स्वतः पाण्याची वाट पाहणारा पटकन ‘संतप्त’ निवडतो. पण तो राग वाचकाचा. लेखकाने एकही जळजळीत शब्द वापरलेला नाही. ‘वाटेत आहे’ म्हणत नुसता चिमटा काढलाय. म्हणून ‘उपरोधिक’. हेतू विचारला, तर ‘योजना रद्द करण्याची मागणी’ हा पर्यायही फसवाच. वाक्यात मागणी कुठेच नाही, दिसते ती फक्त दिरंगाई. प्रश्नाला २.५ गुण, चुकलात तर त्यातला पाव हिस्सा वजा.