चांदी-तांब्याचा घट कसा मांडावा?

कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध. चांदी शुद्ध करण्याच्या एका जुन्या पद्धतीत ती नायट्रिक आम्लात विरघळवून द्रावणात तांब्याचा पत्रा सोडतात. चांदी खाली बसते, द्रावण निळे होते:

Cu + 2Ag⁺ → Cu²⁺ + 2Ag

येथे इलेक्ट्रॉन थेट धातूवरच हस्तांतरित होतात, वीज हाती लागत नाही. दोन्ही अर्धक्रिया वेगळ्या पेल्यांत केल्या, की गॅल्व्हानी घट तयार.

मांडणी: Cu | Cu²⁺ (1 M) || Ag⁺ (1 M) | Ag
डावीकडे ऑक्सिडीकरण, उजवीकडे क्षपण. एकेरी रेघ म्हणजे दोन अवस्थांमधील सीमा, दुहेरी रेघ म्हणजे क्षारसेतू. समीकरणातला 2 मांडणीत येत नाही.

ध्रुव: तांबे अ‍ॅनोड, ऋण. चांदी कॅथोड, धन. बाहेरच्या तारेतून इलेक्ट्रॉन तांब्याकडून चांदीकडे जातात. मुलामा देण्याच्या टाकीत मात्र अ‍ॅनोड धन असतो. विद्यार्थी हमखास गोंधळतात ते इथेच.

क्षारसेतू: तांब्याच्या पेल्यात धन प्रभार वाढतो, तिकडे नायट्रेट आयन सरकतात. चांदीच्या पेल्यात धन आयन घटतात, ती उणीव पोटॅशियम आयन भरून काढतात. सेतू उचलला की प्रवाह थांबतो. सेतूत KNO₃ वापरावे. KCl वापरल्यास चांदीच्या पेल्यात AgCl चा पांढरा साका बसतो.

विभव: 25 अंश सेल्सिअसला 0.80 − 0.34 = 0.46 व्होल्ट. व्होल्टमीटर उणे आकडा दाखवत असेल, तर तारा उलट जोडल्या आहेत.