लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सोनं का पडलं

2025 च्या लक्ष्मीपूजनाला, म्हणजे 21 ऑक्टोबरला, सोनं पडेल असं आदल्या दिवशी टिटवाळ्यात कुणी म्हटलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं. वर्षाच्या सुरुवातीला जगाच्या बाजारात औंसाला 2,600 डॉलरच्या आसपास असलेला भाव 8 ऑक्टोबरला पहिल्यांदाच 4,000 च्या पार गेला आणि 20 तारखेला 4,381 ला टेकला. धनत्रयोदशीला सराफाच्या पेढीवर गिऱ्हाईक विचारत होतं ते एवढंच, की अजून किती चढणार? आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सोनं पाच टक्क्यांहून जास्त आपटलं. ऑगस्ट 2020 नंतर एका दिवसात एवढी घसरण झाली नव्हती.

त्या दिवशीची वाईट बातमी शोधायला गेलं तर धड काही हाती लागत नाही. डॉलर थोडा वधारला होता, अमेरिका आणि चीनचं व्यापारावरून चाललेलं भांडण मिटेल अशी आशा दिसू लागली होती. एवढ्याने पाच टक्के जात नाहीत. पण ज्याच्या-त्याच्या तोंडी ‘वाढणार’ असतं, तेव्हा घेणाऱ्यांनी बहुतेक घेऊन टाकलेलं असतं. आपल्याकडचंच पाहा. सराफ दिवाळीचा माल काही आठवडे आधी भरून ठेवतो. भाव चढतोय म्हटल्यावर बरीच गिऱ्हाइकं आधीच पैसे भरून भाव बांधून घेतात आणि मुहूर्तावर नुसती डबी घ्यायला येतात. दुकानात गर्दी दिसते ती सणाच्या दिवशी, पण मागणी त्याआधीच भावात जिरलेली असते. त्यानंतर नवा घेणारा कुठून येणार?

पडझडीला वेग आला तो वायदे बाजारामुळे. 100 ग्रॅमच्या एका सौद्याचं मोल तेव्हा साधारण 13 लाख रुपये होतं. समजा, त्यावर आठ टक्के, म्हणजे लाखभर रुपये अनामत ठेवून कुणी तेजीचा सौदा केला. भाव पाच टक्के उतरला की त्याचे 65 हजार गेले. दलाल म्हणतो, आणखी पैसे भरा, नाहीतर सौदा काढून टाकतो. पैसे नसले की विक्री होते, त्या विक्रीने भाव आणखी उतरतो आणि पुढच्याला तसाच फोन जातो. अशी विक्री करणाऱ्याचं सोन्याविषयीचं मत बदललेलं असतंच असं नाही; त्याचे पैसे संपलेले असतात.

आपल्या लोकांचं आणखी एक दुखणं होतं. एमसीएक्सवर त्या दिवशी दुपारी पावणेदोन ते पावणेतीन एवढाच मुहूर्ताचा व्यवहार होता. मोठी पडझड आपल्या संध्याकाळी, न्यूयॉर्क जागं झाल्यावर झाली. घराघरांत पूजा चालली होती आणि आपला बाजार बंद होता. दुसऱ्या दिवशी पाडवा, सकाळचं सत्र नाही. तेजीचा सौदा घेऊन बसलेल्याला बाहेर पडायला थेट 22 तारखेच्या संध्याकाळची वाट पाहावी लागली, तेही खाली उघडलेल्या भावाने.

दागिना घेतलेलेही हळहळले, पण त्यांचा हिशेब वेगळा निघतो. समजा, बावीस कॅरेटच्या दहा ग्रॅमच्या चेनीत 1,20,000 चं सोनं आहे. दहा टक्के मजुरीचे 12,000. या दोन्हींवर तीन टक्के जीएसटी, 3,960. बिल झालं 1,35,960. दुकानाची पायरी उतरेपर्यंत सोन्याच्या मोलावर 15,960 रुपये जास्त गेले होते. त्या संध्याकाळच्या पाच टक्क्यांनी नेले 6,000. ज्याला मजुरी आणि जीएसटी टोचले नाहीत, त्याने या सहा हजारांवर झोप उडवून घेण्यात फारसा अर्थ नाही. वळं किंवा नाणं घेतलेल्यांची मजुरी किरकोळ, त्यामुळे घसरण त्यांना जास्त जाणवली.

अपेक्षा आधीच भावात जिरलेली असण्याचा प्रकार आठवड्याभराने पुन्हा दिसला. 29 ऑक्टोबरला अमेरिकेच्या फेडने व्याजदर पाव टक्का कमी केला. व्याज उतरलं की सोनं चढतं, हे आता आमच्या लोकलच्या डब्यातही सांगतात. त्या दिवशी सोनं उतरलं. पाव टक्का सगळ्यांनी धरलेलाच होता. न धरलेलं होतं ते अध्यक्ष पॉवेल यांचं वाक्य, की डिसेंबरची कपात गृहीत धरू नका. भाव त्या वाक्यावर हलला. तोवर सोनं 4,000 च्या खाली आलेलंच होतं.

मग तेजी संपली का? असा प्रश्न पडला की मी दोन गोष्टी वेगळ्या करून पाहतो: सोनं घेण्याची कारणं गेली, की उधारीवर घेणारे गेले? ऑक्टोबरात कारणं जागच्या जागी होती. मध्यवर्ती बँकांची खरेदी थांबली नव्हती, अमेरिकेच्या कर्जाची काळजी मिटली नव्हती. डिसेंबरात फेडने पुन्हा दर उतरवला आणि 22 डिसेंबरला सोन्याने 4,381 चा उच्चांक मोडला. दोन महिन्यांत झालेली ही भरपाई तिजोरीत चेन ठेवलेल्याला मिळाली. 22 ऑक्टोबरच्या संध्याकाळी ज्याचा सौदा दलालाने काढून टाकला होता, त्याच्या वाट्याला तिच्यातलं काहीच आलं नाही.