ऊसदर खर्च की नफा?

१ फेब्रुवारी २०२३ रोजी मांडलेल्या केंद्रीय अर्थसंकल्पात सहकारी साखर कारखान्यांसाठी एक तरतूद होती. २०१६-१७ या आकारणी वर्षापूर्वी शेतकऱ्यांना उसापोटी दिलेली रक्कम खर्च म्हणून दाखवण्याची मुभा कारखान्यांना मिळाली. या सवलतीची किंमत अर्थमंत्र्यांनी सुमारे १० हजार कोटी रुपये सांगितली. पश्चिम महाराष्ट्रात पेढे वाटले गेले असतील तर नवल नाही, कारण आयकर खात्याच्या नोटिसा कित्येक वर्षे कारखान्यांच्या दारात पडून होत्या.

भांडण वरवर साधे होते. केंद्र सरकार उसाचा किमान दर ठरवायचे. महाराष्ट्रातले सहकारी कारखाने हंगाम संपल्यावर हिशेब करून त्याहून जास्त अंतिम दर द्यायचे. आयकर खाते म्हणाले, किमान दरापेक्षा जे जास्त दिले तो खर्च नव्हेच. ऊस घालणारा शेतकरी हाच कारखान्याचा सभासद, म्हणजे मालक आहे. मालकाला दिलेली जादा रक्कम म्हणजे वाटलेला नफा, तेव्हा त्यावर कर भरा. कारखाने म्हणाले, कच्च्या मालाची किंमत खर्च नाही तर काय? तासगाव तालुका कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मधला रस्ता काढला. अंतिम दरात नफ्याचा जेवढा अंश असेल तेवढाच वेगळा काढा, असे सांगून ते काम पुन्हा आकारणी अधिकाऱ्यांकडे पाठवले.

करापुरता हा वाद संपला, पण हिशेबशास्त्रातला त्यामागचा प्रश्न शिल्लक राहिला. एखाद्या उद्योगाने निर्माण केलेल्या संपत्तीत वाटेकरी कोण आणि नुसता पुरवठादार कोण? नफा-तोटा पत्रकात याचे उत्तर आधीच दिलेले असते. भागधारक हा एकटा वाटेकरी आणि बाकी सगळे खर्च. कामगाराचा पगार, बँकेचे व्याज, सरकारचा कर हे सारे वजा होत जाते आणि तळाला जो आकडा उरतो तो ‘निकाल’ ठरतो.

मूल्यवर्धन पत्रक हीच मांडणी उलटी करते. विक्रीतून फक्त बाहेरून विकत घेतलेला माल आणि सेवा वजा करायच्या. जे उरते ते या उद्योगाने स्वतः निर्माण केलेले मूल्य. मग ते कोणाकोणाला मिळाले हे दाखवायचे: कामगारांना पगार, कर्ज देणाऱ्यांना व्याज, सरकारला कर, मालकांना लाभांश आणि उद्योगातच राहिलेला घसारा व राखीव निधी. नवा एकही आकडा लागत नाही. त्याच वह्या, त्याच नोंदी, फक्त बेरीज-वजाबाकीचा क्रम वेगळा.

दहा लाख टन गाळप करणारा एक काल्पनिक सहकारी कारखाना घेऊ आणि आकडे ठोकळ ठेवू. साखर, मळी, इथेनॉल आणि सहवीज मिळून उत्पन्न ४८० कोटी. उसापोटी शेतकऱ्यांना टनाला ३,००० रुपयांप्रमाणे ३०० कोटी गेले. तोडणी-वाहतुकीला टनाला ८०० प्रमाणे ८० कोटी. रसायने, पोती, सुटे भाग यांवर २० कोटी. पगार ३५ कोटी, व्याज २५ कोटी, कर ३ कोटी, घसारा १५ कोटी. शेवटी नफा २ कोटी. नफा-तोटा पत्रक वाचणारा म्हणेल, ४८० कोटींच्या उलाढालीवर अर्धा टक्कासुद्धा नफा नाही, हा कारखाना कशासाठी चालवायचा?

आता मूल्यवर्धन काढू. ४८० मधून ऊस, तोडणी-वाहतूक आणि इतर खरेदीचे मिळून ४०० कोटी गेले, की उरतात ८० कोटी. त्यातले ३५ कामगारांना, २५ बँकांना, ३ सरकारला आणि १७ कारखान्यात. चित्र थोडे बोलके झाले. पगाराच्या खालोखाल वाटा बँकांचा आहे, म्हणजे साखर गोदामात पडून असताना मालतारण कर्जाचे व्याज किती चढते ते दिसले. पण ज्यांच्यासाठी कारखाना उभा राहिला ते शेतकरी कुठेच नाहीत. ते ‘विकत घेतलेला माल’ या एका ओळीत गडप झाले.

ते सभासद आहेत हे मान्य करून त्यांना वाटेकऱ्यांत बसवले, तर मूल्यवर्धन ८० वरून ३८० कोटींवर जाते आणि त्यातला जवळपास ७९ टक्के वाटा शेतकऱ्यांचा ठरतो. ही पाठ्यपुस्तकातली काटेकोर पद्धत नव्हे, कारण डिझेल, खते, पाणीपट्टी असा शेतकऱ्याचा स्वतःचा खर्चही त्या ३०० कोटींत मिसळलेला असतो. पण सहकारी कारखान्याचे खरे काम या मांडणीत जितके दिसते तितके २ कोटींच्या नफ्यात कधीच दिसणार नाही. आयकर खात्याला जे खटकले तेही नेमके हेच होते.

या पत्रकाचा इतिहास मात्र फारसा दिमाखदार नाही. १९७५ मध्ये ब्रिटनमधल्या हिशेबतज्ज्ञांच्या समितीने ‘द कॉर्पोरेट रिपोर्ट’ या दस्तऐवजात त्याची शिफारस केली. कामगार संघटना जोरात होत्या आणि संप रोजचे झाले होते. कंपनी ही सगळ्यांनी मिळून भाकरी कमावण्याची जागा आहे, असे दाखवणारा कागद सरकारला आणि व्यवस्थापनांनाही हवा होता. मोठ्या ब्रिटिश कंपन्यांनी तो उत्साहाने छापला. वेतनकराराच्या टेबलावर त्याचा उपयोग ‘बघा, सर्वांत मोठा वाटा तुम्हीच नेता’ हे सांगायलाही झाला. ऐंशीच्या दशकात संघटनांची ताकद ओसरली आणि पत्रकही अहवालांतून नाहीसे होत गेले. भारतात काही सार्वजनिक उपक्रमांनी आणि इन्फोसिससारख्या कंपन्यांनी ते स्वखुशीने छापले, पण सक्ती नसल्याने नमुना ज्याचा त्याचा राहिला. कोणी घसारा बाहेरच्या खर्चात घालतो, कोणी वाटपात. कोणी ग्राहकाकडून गोळा केलेला कर ‘सरकारला दिलेला वाटा’ म्हणून मिरवतो. दोन कंपन्यांची पत्रके शेजारी ठेवण्याआधी एवढे तरी पाहावे लागते. ब्राझीलने मात्र २००७ च्या कायद्याने शेअर बाजारातल्या कंपन्यांना हे पत्रक बंधनकारक केले आणि तिथे ते आजही छापले जाते.

पत्रकाची खरी मर्यादा वेगळीच आहे. ज्याला पैसे मिळाले तोच त्यात दिसतो. नदीला, भूजलाला, हवेला कोणी पगार देत नाही, त्यामुळे त्यांची ओळच नसते. शिवाय पैसे मिळूनही न दिसणारी माणसे असतात. कारखान्याच्या ८० कोटींच्या तोडणी-वाहतुकीत बीड आणि मराठवाड्यातून आलेल्या टोळ्या आहेत. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि ती फिटेपर्यंत हंगाम. त्यांचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावर नाही, म्हणून ‘कामगारांचा वाटा’ या ३५ कोटींत त्यांचा एक रुपयाही नाही.

शाश्वतता अहवाल या जागेवर येतो. फाटकाबाहेर काय घडते ते सांगा, अशी त्याची अपेक्षा असते. फाटकाबाहेर किती घडत असते याचा पहिला ठळक आकडा पूमा या बूट-कपड्यांच्या कंपनीने दिला. २०१० या वर्षासाठी तिने पर्यावरणाच्या नुकसानीची रुपयांसारखी, म्हणजे युरोत, किंमत लावली: पाणी, हरितगृह वायू, जमीन, हवेचे प्रदूषण आणि कचरा. बेरीज आली १४.५ कोटी युरो. त्या वर्षीचा निव्वळ नफा होता सुमारे २० कोटी युरो. त्याहून बोलकी होती विभागणी. कंपनीच्या स्वतःच्या कचेऱ्या, दुकाने आणि गोदामांचा वाटा फक्त ८० लाख युरो, तर कातडे, कापूस, रबर पिकवण्या-मिळवण्याच्या टप्प्याचा ८.३ कोटी. पाण्याच्या लिटरला किंमत किती लावायची हे सल्लागारांच्या गृहीतकांवर ठरले होते, आणि पूमाने ही रक्कम नफ्यातून वजाही केली नाही. पण कुठे पाहायचे ते कळले.

साखरेला हाच न्याय लावून पाहावा. उसाच्या वजनात जवळजवळ ७० टक्के पाणीच असते. रस आटवताना निघणारी वाफ थंड करून ते पाणी परत वापरता येते, त्यामुळे चांगला कारखाना बाहेरचे पाणी फारसे घेत नाही आणि अहवालात ते अभिमानाने सांगतो. खोटे त्यात काही नाही. पण शेतापासून मोजले तर एक किलो साखरेमागे दीड ते दोन हजार लिटर पाणी लागते, असा नीती आयोगाच्या कृतिगटाचा अंदाज आहे. फाटकाच्या आतले आणि बाहेरचे पाणी वेगवेगळ्या पानांवर असले तर कारखाना हिरवा दिसतो, एकाच पानावर आणले तर दिसत नाही.

भारतात सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना व्यवसाय-जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला. २०२३ मध्ये त्यातले निवडक निकष वेगळे काढून त्यांची बाहेरच्या तज्ज्ञाकडून टप्प्याटप्प्याने तपासणी ठरवली. निकष नुसते धूर-पाण्याचे नाहीत. लहान उद्योगांकडून किती खरेदी केली, लहान गावांत किती वेतन दिले, पुरवठादारांचे पैसे किती दिवसांनी चुकते केले, हेही विचारले जाते. मूल्यवर्धन पत्रकाचा जुना ‘कोणाला काय मिळाले’ हा प्रश्न इथे दुसऱ्या दाराने परत आला आहे.

वाचताना एक सापळा ओळखता यायला हवा. उत्सर्जन बहुधा ‘दर रुपयाच्या उलाढालीमागे’ दाखवतात. साखरेचा भाव १० टक्के वाढला आणि धूर तेवढाच राहिला, तरी हा आकडा सुमारे ९ टक्क्यांनी सुधारतो. बॉयलरला हातही लावलेला नसतो. म्हणून टनामागचा आकडा आणि एकूण आकडा दोन्ही पाहावेत. ते दोन्ही खाली आले असतील तरच काही घडले असे म्हणता येईल.

पुरवठादारांपर्यंत, म्हणजे शेत आणि कोयत्यापर्यंत, जाणारा भाग मात्र सेबीने पुढे ढकलला आणि ऐच्छिकही केला. त्यातही मोजायचे कोण, तर ज्यांच्याकडून कंपनी किमान २ टक्के खरेदी करते तेच. मार्च २०२४ मध्ये ‘द न्यूयॉर्क टाइम्स’ने महाराष्ट्रातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रिया, बालविवाह आणि कर्जाच्या वेठीवर सविस्तर वृत्तांत छापला, आणि ही साखर कोका-कोला व पेप्सीपर्यंत पोहोचते हे दाखवले. शाश्वततेचे जाडजूड अहवाल या कंपन्या वर्षानुवर्षे काढत आल्या आहेत. बीडमधल्या या शस्त्रक्रियांबद्दल राज्य सरकारनेही २०१९ मध्येच समिती नेमली होती. म्हणजे माहिती नव्हती असे नाही, ती ज्या पानावर यायला हवी ते पान कोणाच्याच अहवालात नव्हते.

सहकारी कारखान्यांना सेबीचा नियम लागू नाही, कारण ते शेअर बाजारात नाहीत. पण त्यांना ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते आणि त्याआधी अहवालाचे पुस्तक सभासदांच्या घरी येते. ते आले की सभासदांनी नफ्याच्या आकड्यावर न थांबता तोडणी-वाहतुकीची ओळ काढावी, त्यातले टोळ्यांच्या हातात किती पडले आणि मुकादमाकडे किती राहिले, हे सभेत विचारावे आणि उत्तर पुढच्या वर्षीच्या पुस्तकात छापून मागावे.