आर्क पुढे, ताव मागे

चार इंच जाड पोलादी प्लेटवर सबमर्ज्ड आर्कचं यंत्र चाललं आहे. आर्क फ्लक्सच्या भुकटीखाली दडलेला असल्यामुळे डोळे दिपत नाहीत, नुसतं यंत्र सरकताना दिसतं. वेल्डच्या मध्यरेषेपासून चार सेंटिमीटरवर एक खूण केलेली आहे. यंत्र त्या खुणेसमोरून गेल्यावर दहा सेकंदांनी तिथे हात लावला तर प्लेट जेमतेम कोमट, ३८ अंशांच्या आसपास लागेल. हेल्पर निर्धास्त होतो. आणखी अर्ध्या मिनिटाने, यंत्र जवळजवळ हातभर पुढे गेल्यावर, तो तिथेच पुन्हा हात टेकवतो आणि बोटं भाजून घेतो. आता तिथे ८५ अंश आहेत, आणि त्या जागेचं सर्वोच्च तापमान तेच. आर्क गेला की धोका गेला, हा समज पुष्कळांचा असतो.

वेल्डपासून अमुक अंतरावर धातू जास्तीत जास्त किती तापेल, याचं गणित डॅनियल रोझेन्थाल यांनी १९४१ साली अमेरिकेतल्या वेल्डिंगच्या मासिकात मांडलं. आर्क म्हणजे एका सरळ रेषेत ठरावीक वेगाने सरकणारा उष्णतेचा ठिपका, एवढंच त्यांनी धरलं. पुढे सोव्हिएत शास्त्रज्ञ रिकालिन यांनी वेगाने जाणाऱ्या शक्तिशाली ठिपक्याचा प्रकार सविस्तर सोडवला. त्यात हे समीकरण फार सोपं होतं.

सोपं होण्याचं कारण असं. आर्क इतक्या झपाट्याने जातो की उष्णतेला त्याच्यापुढे धावायला वेळच मिळत नाही. मग प्लेटचे आडवे काप पाडले आहेत अशी कल्पना करता येते. प्रत्येक कापाला आर्कने जाताजाता उष्णतेचा एक गोळा दिला आणि तो पुढे गेला. शेजारचे काप एकमेकांशी फारशी देवाणघेवाण करत नाहीत, कारण त्यांची अवस्था जवळपास सारखीच असते. मिळालेला गोळा प्रत्येक काप फक्त बाजूंना आणि खाली पसरवत बसतो.

हे भाकरी थापण्यासारखं आहे. पिठाचा गोळा तेवढाच, पण भाकरीचा व्यास दुप्पट केला की जाडी चौथा हिस्सा उरते. हात भरभर चालवा किंवा सावकाश, त्या व्यासाला जाडी तेवढीच. उष्णतेचंही तसंच होतं. अंतर दुप्पट केलं की तिथली सर्वोच्च तापमानवाढ एक चतुर्थांश होते. आणि हाताचा वेग म्हणजे धातूची उष्णतावाहकता, ती या हिशेबातून चक्क गळून पडते. ती कमी असेल तर सर्वोच्च बिंदू उशिरा येतो, जास्त असेल तर लवकर. त्याची उंची तीच राहते. मला या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते.

सूत्र असं आहे:

Tp − T0 = 0.234 × H / (C × r²)

`Tp` म्हणजे सर्वोच्च तापमान आणि `T0` म्हणजे प्लेटचं आधीचं तापमान. `H` ही वेल्डच्या दर मिलिमीटर लांबीमागे प्लेटमध्ये शिरलेली उष्णता, `C` ही एक घन मिलिमीटर धातू एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता, आणि `r` हे वेल्डच्या मध्यरेषेपासूनचं अंतर.

आपल्या यंत्राचे आकडे घालून पाहू. ६०० अँपिअर आणि ३० व्होल्ट म्हणजे १८,००० वॅट. त्यातले सुमारे १७,००० प्लेटमध्ये शिरतात असं धरू. वेग सेकंदाला १० मिलिमीटर, म्हणजे प्रत्येक मिलिमीटरला १,७०० ज्यूल. पोलादासाठी `C` सरासरी ०.००४५ ज्यूल घेतला आणि प्लेट आधी ३० अंशांवर होती, तर मध्यरेषेपासून १० मिलिमीटरवर ९१४ अंश, २० वर २५१, ३० वर १२८ आणि ४० वर तेच ८५ अंश येतात. साधं पोलाद सुमारे १,५०० अंशांना वितळतं. ती सीमा पावणेआठ मिलिमीटरवर पडते. ७२७ अंशांच्या वर पोलादाची अंतर्रचना बदलू लागते. ती सीमा सव्वाअकरा मिलिमीटरवर. मधला साडेतीन मिलिमीटरचा पट्टा न वितळताही बदलतो, आणि पुष्कळदा भेगा तिथूनच सुरू होतात. प्लेट आधी १५० अंशांना तापवून घेतली असेल तर प्रत्येक जागेचं सर्वोच्च तापमान १२० अंशांनी वर जाईल आणि हा पट्टाही थोडा रुंदावेल.

आता अडचण. आर्कमधली नेमकी किती उष्णता प्लेटमध्ये शिरली हे कोणी मोजलेलं नसतं. `C` सुद्धा तापमानाबरोबर बदलत राहतो. शिवाय खरा आर्क म्हणजे ठिपका नव्हे, त्याला रुंदी असते, त्यामुळे वितळलेल्या भागाच्या आत या सूत्राकडे पाहूच नये; मध्यरेषेवर ते तापमान अनंत सांगतं. म्हणून माझ्या मते उत्तम वाट म्हणजे धातूलाच विचारणं. चाचणीचा वेल्ड आडवा कापा, घासून गुळगुळीत करा आणि नायटल लावा. वितळलेल्या भागाची कड स्पष्ट उमटते. समजा ती मध्यरेषेपासून ८ मिलिमीटरवर आहे. तिथली तापमानवाढ १,४७० अंश हे ठरलेलंच. मग १६ मिलिमीटरवर त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे ३६८ अंशांची वाढ, आणि २४ वर नववा हिस्सा, १६३ अंश. अँपिअर, व्होल्ट, वेग, काहीच लागत नाही. खात्री करायची तर ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या खडूच्या रेघा त्या अंतरांवर ओढून ठेवाव्यात, आणि आर्क गेल्यावरही निदान मिनिटभर त्यांच्यावर नजर ठेवावी.

पातळ पत्र्याला मात्र हा हिशेब लावला की फसगत होते. उष्णता तिथे खाली जाऊ शकत नाही, फक्त दोन बाजूंना पळते. ही भाकरी नव्हे, कणकेची वळी झाली: लांबी दुप्पट केली की जाडी निम्मीच होते, चौथा हिस्सा नाही. तीन मिलिमीटरच्या पत्र्यावर दर मिलिमीटरला १५० ज्यूल देऊन वेल्ड केला, तर जाड प्लेटचं सूत्र २० मिलिमीटरवर जेमतेम २० अंशांची वाढ सांगेल. पातळ पत्र्याच्या हिशेबाने ती १३४ अंश येते. पत्र्याच्या कामात रंग आणि रबराची सीलं अनपेक्षित अंतरावर जळतात त्याचं मूळ इथे आहे. मधल्या जाडीच्या प्लेटला या दोन्हींपैकी एकही हिशेब नेमका लागू पडत नाही.

'वेगाने जाणारा' ही अटही धातूगणिक तपासावी लागते. आर्कचा वेग गुणिले अंतर, भागिले धातूच्या उष्णता-विसरणांकाची दुप्पट. हे उत्तर एकापेक्षा बरंच मोठं हवं. तापलेल्या पोलादाचा हा अंक सेकंदाला सुमारे ९ चौरस मिलिमीटर, त्यामुळे आपल्या उदाहरणात २० मिलिमीटरवर उत्तर ११ येतं आणि सूत्र निर्धास्त वापरता येतं. तांब्याचा अंक ११० च्या घरात आहे, तिथे उत्तर एकच्याही खाली जातं. त्यात उष्णता आर्कच्या पुढे धावते, कापांची कल्पनाच मोडते, आणि सूत्र खऱ्यापेक्षा जास्त तापमान सांगतं. तेव्हा तांब्याच्या वेल्डवर हे गणित लावू नका.