स्टार्ट ट्रायेज : चार रंग आणि प्रश्नांचा क्रम

या टिपणात आपण ट्रायेजची एकच पद्धत नीट समजून घेऊ. तिचे नाव स्टार्ट. 1983 मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात न्यूपोर्ट बीच शहराचे अग्निशमन दल आणि होग रुग्णालय यांनी ती तयार केली. जखमी अनेक आणि मदतनीस मोजके असतील, तेव्हा प्रत्येकाला साधारण मिनिटभरात एका रंगात बसवायचे, एवढेच तिचे काम आहे. येथे निदान करायचे नसते.

लाल म्हणजे तातडीने उपचार हवेत, पिवळा म्हणजे उपचार हवेत पण थोडे थांबता येईल, हिरवा म्हणजे किरकोळ. काळा रंग मृतांसाठी किंवा त्या परिस्थितीत वाचवता न येणाऱ्यांसाठी असतो.

समजा, घाटात बस उलटली आहे आणि पहिल्या रुग्णवाहिकेतून तुम्ही दोघेच उतरला आहात. पहिले काम मोठ्याने सांगायचे : "ज्यांना चालता येते त्यांनी त्या झाडाखाली जाऊन बसा." नऊ जण गेले. ते सगळे सध्या हिरवे. न हलता राहिले पाच जण. आता त्यांच्याकडे वळायचे आणि प्रत्येकाला त्याच क्रमाने तीन गोष्टी तपासायच्या : श्वास, रक्ताभिसरण, भान.

पहिल्याची मांडी मोडली आहे आणि तो जोरजोरात ओरडतो आहे. सरावात माझे विद्यार्थी हमखास आधी याच्याकडे धावतात. पण जो ओरडतो त्याचा श्वास चालू असतो. 15 सेकंदांत 6 श्वास, म्हणजे मिनिटाला 24. मर्यादा 30 ची आहे. मनगटाची नाडी लागते, "माझा हात दाबा" म्हटल्यावर दाबतो. रंग पिवळा.

दुसरी बाई गप्प पडली आहे, बाहेरून जखम दिसत नाही. 15 सेकंदांत 10 श्वास, म्हणजे मिनिटाला 40. येथेच थांबायचे. रंग लाल. नाडी पाहण्यात वेळ घालवायचा नाही, कारण तिच्या उत्तराने रंग बदलणार नाही. संगणकाच्या प्रोग्राममध्ये अट पूर्ण झाली की फांदीतून बाहेर पडतो, तसेच हे.

तिसऱ्या तरुणाचा श्वास बंद आहे. डोके किंचित मागे करून हनुवटी वर उचलली आणि श्वास सुरू झाला. रंग लाल. जीभ मागे पडून श्वसनमार्ग बंद झाला होता, एवढेच.

चौथ्याचाही श्वास बंद. श्वसनमार्ग मोकळा करूनही सुरू होत नाही. रंग काळा, आणि पुढे चला. या पद्धतीतला हा सर्वांत कठीण भाग आहे. रुग्णालयात याच माणसाची छाती दाबायला चौघे धावले असते. येथे तुम्ही ते सुरू केले, तर दोघांपैकी एक मदतनीस त्याच्यापाशीच अडकतो आणि पाचव्यापर्यंत कोणी वेळेवर पोहोचत नाही. (लहान मुलांचा श्वास थांबला तरी नाडी काही वेळ चालू असू शकते, म्हणून त्यांच्यासाठी जंपस्टार्ट नावाची वेगळी पद्धत आहे.)

पाचवा. श्वास मिनिटाला 20, नाडी लागते, डोळे उघडे, पण हात दाबायला सांगितले तर नुसता बघत राहतो. नियमाप्रमाणे सूचना न पाळणारा लाल. थांबा. हा प्रवासी ओडिशाचा असेल आणि तुम्ही मराठीत बोलत असाल तर? स्वतःची मूठ वळून दाखवा. त्याने मूठ वळली. रंग पिवळा. आपल्या देशात ही चूक सहज होते. ऐकू न येणाऱ्यांच्या बाबतीतही तेच.

नाडीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. मूळ पद्धतीत नख दाबून सोडायचे आणि रंग परत यायला 2 सेकंदांहून अधिक लागले तर लाल, असे होते. अंधारात ते दिसत नाही आणि थंडीत धडधाकट माणसालाही वेळ लागतो. म्हणून पुढे मनगटाची नाडी घेतली जाऊ लागली. ती लागली नाही तर लाल.

या फेरीत उपचार दोनच : श्वसनमार्ग मोकळा करणे आणि वाहते रक्त थांबवणे. रक्त थांबवायला जखमेवर कापड दाबून धरावे लागते, आणि ते काम झाडाखालच्या एखाद्या धडधाकट माणसाला देता येते.

रंग एकदा दिला की कायमचा नसतो. चालता येणे ही फार ढोबळ चाचणी आहे. पोटात रक्तस्राव होत असलेला माणूसही पन्नास पावले चालतो. म्हणून पहिली फेरी संपताच झाडाखाली परत जा. तिथे मघाशी बडबडणारा मुलगा आता गप्प, घामाघूम, गुडघ्यांत डोके घालून बसला आहे. 15 सेकंदांत 9 श्वास. त्याची हिरवी पट्टी काढा आणि लाल बांधा.